फुगणारी भाकर फोनच्या कॅमेऱ्यात नीट का येत नाही? पिठाच्या बॅनरसाठी फोटो काढण्याची पूर्ण पद्धत

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावात एखादी गिरणी किंवा बचत गट स्वतःच्या नावानं ज्वारीचं पीठ विकायला काढतो, तेव्हा पिशवीनंतरचा पहिला खर्च असतो दुकानावरच्या बॅनरचा. बॅनरवर काय हवं हे सगळ्यांचं ठरलेलं असतं: पीठ मळणारे हात आणि आचेवर टम्म फुगलेली भाकर. मग घरातल्या तरुण मुलाला किंवा मुलीला सांगितलं जातं, "तुझ्या फोनचा कॅमेरा चांगला आहे ना, काढून टाक एक फोटो."

आणि इथेच गाडी अडते. फोटोत जाळ एकतर दिसतच नाही, नाहीतर पांढरा डाग होऊन येतो. हात हललेले येतात. भाकर कधी मक्यासारखी पिवळी दिसते, कधी निळसर पडते. दहा भाकरी झाल्यावर घरचे कंटाळतात आणि शेवटी फ्लेक्सवाला इंटरनेटवरचा कुठलातरी फोटो लावून देतो. तो बहुतेक वेळा गव्हाच्या फुलक्याचा असतो. पिशवीत ज्वारीचं पीठ आणि वर गव्हाचा फुलका, हे फोटोग्राफरच्या लक्षात येणार नाही, पण रोज भाकर थापणाऱ्या बाईला रस्त्यावरूनच कळतं. आणि पीठ विकत घेणारी तीच असते.

यात तुमच्या फोनची किंमत हा मुद्दा नाही. फोनचा ऑटो मोड साध्या फोटोंसाठी बनवलेला असतो आणि फुगणाऱ्या भाकरीच्या वेळी तो नेमका उलट वागतो. तो कुठे चुकतो हे समजून घेतलं, की साध्या फोनवरसुद्धा हा फोटो निघतो. आज आपण तेच टप्प्याटप्प्यानं पाहू.

आधी भाकर समजून घ्या

फोटोची वेळ साधायची तर भाकर का फुगते हे माहीत हवं. थापलेल्या भाकरीत पाणी असतं. तव्यावर दोन्ही बाजू शेकल्या, की वरून-खालून पातळ, सुकलेला थर तयार होतो, पण मधला भाग अजून ओलसर असतो. अशी भाकर थेट आचेवर गेली, की मधल्या पाण्याची झपाट्यानं वाफ होते. पाण्याची वाफ झाली, की ती मूळ पाण्याच्या साधारण सोळाशे पट जागा मागते. बाहेर पडायला वाट नसली, की ती दोन्ही थर एकमेकांपासून ढकलते आणि पापुद्रा सुटतो. काठाला एक बारीक चीर जरी असली, तरी वाफ तिथून निसटते आणि भाकर फुगत नाही.

गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं, त्यामुळे ती रबरासारखी ताणली जाते. ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळतात. ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ज्वारीतला स्टार्च पाणी शोषून चिकट होतो आणि तोच पीठ बांधून ठेवतो. जुन्या पिठाचा हा चिकटपणा कमी होतो. आपण म्हणतो ना, पिठाची विरी गेली. अशा पिठाची भाकर थापतानाच काठाला तुटते. म्हणजे फोटोसाठी पहिली अट कॅमेऱ्याची नाहीच. पीठ ताजं दळलेलं हवं, पाणी चांगलं गरम हवं, आणि एका वेळी एकाच भाकरीपुरतं पीठ मळायचं.

यातून फोटोग्राफरला दोन गोष्टी कळतात. एक, पूर्ण फुगलेली भाकर थोडेच सेकंद तशी राहते, मग वाफ निसटते आणि ती बसते. त्या वेळात सेटिंग शोधायला वेळ नाही, सगळं आधीच लावून ठेवावं लागेल. दोन, फुगण्याची क्रिया तशी सावकाश असते. झपाट्यानं हलतात ते हात आणि ज्योत. त्यामुळे कॅमेऱ्याचा वेग हात पाहून ठरवायचा.

ऑटो मोड नेमका कुठे चुकतो

पहिली चूक उजेडाच्या हिशेबात होते. फोन समोरच्या सगळ्या दृश्याचा सरासरी उजेड मोजतो. मागची भिंत काळपट असेल, तर त्याला वाटतं की अंधार आहे, आणि तो फोटो उजळ करतो. त्यात चुलीच्या पिवळ्या ज्योतीचा रंग उडून पांढरा डाग उरतो. हा डाग नंतर एडिटिंगमध्ये दुरुस्त होत नाही, कारण तिथे रंगाची माहितीच नोंदली गेलेली नसते. काळोख थोडाफार उजळ करता येतो, पण जळून पांढरा झालेला भाग परत आणता येत नाही. म्हणून जाळ असलेला फोटो नेहमी किंचित काळोखा काढायचा.

दुसरी चूक एचडीआर आणि नाइट मोडची. या दोन्हीत फोन एका बटणावर अनेक फोटो काढतो आणि ते एकमेकांवर जुळवतो. डोंगर किंवा देऊळ स्थिर असतं, त्यामुळे तिथे हे छान चालतं. पण ज्योत दर फोटोत वेगळ्या आकाराची असते आणि मळणारे हात वेगळ्या जागी असतात. जुळवताना बोटांच्या कडेला पुसट दुसरी कड येते, ज्योत धुरकट होते. तुमच्या फोनमध्ये एचडीआर बंद करता येत असेल तर बंद करा. नाइट मोड तर नक्कीच बंद.

तिसरी चूक रंगाची. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड निळसर बाजूचा असतो, चुलीचा किंवा पिवळ्या बल्बचा तांबूस. फोन दर फोटोला अंदाज बांधतो, की या दृश्यात 'पांढरं' कशाला म्हणायचं. जाळ मोठा झाला, की तो सगळ्या फोटोत निळं वाढवतो आणि हात आजारी दिसायला लागतात. जाळ लहान झाला, की भाकर पिवळी. दहा फोटोंत दहा रंग. पिठाच्या जाहिरातीत हे सगळ्यात महाग पडतं, कारण गिऱ्हाईक रंगावरूनच पीठ ओळखतं.

तिन्ही चुकांचं कारण एकच आहे. दृश्य बदलतंय आणि फोन दर क्षणाला नव्यानं ठरवतोय. उपायही एकच: ठरवण्याचं काम आपण आधी करायचं आणि फोनला तिथेच बांधून ठेवायचं.

जागा आणि उजेड

आता एक उदाहरण घेऊन पूर्ण करू. समजा, कळंबमधल्या एका छोट्या गिरणीला दुकानावर ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच फ्लेक्स लावायचा आहे. घरात ओटा आहे, गॅसची शेगडी आहे आणि ओट्याच्या डाव्या बाजूला खिडकी आहे.

चुलीचा फोटो जास्त देखणा येईल असं वाटतं, आणि येतोही. पण चुलीत भाकर ज्वाळेत धरत नाहीत. पिवळ्या ज्वाळेची काजळी भाकरीला लागते. म्हणून ती निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवतात. धूर, राख आणि कमी-जास्त होणारा जाळ सांभाळणं पहिल्यांदा फोटो काढणाऱ्याला जड जातं. गॅसची ज्योत स्थिर असते आणि तव्यावर शेकलेली भाकर तिच्यावर जाळी ठेवून थेट फुगवता येते. म्हणून आपण गॅस घेऊ.

गॅसच्या ज्योतीची अडचण चुलीच्या उलट आहे. ती निळी आणि मंद असते. मागे पांढऱ्या टाइल्स किंवा चकचकीत स्टीलचे डबे असतील, तर दिवसाच्या उजेडात ती फोटोत दिसतच नाही. बरेच जण यावर खोलीत अंधार करतात, आणि मग हात अंधारात जातात. खरं तर अंधार खोलीत नको, ज्योतीच्या मागे हवा. शेगडीच्या मागे, किमान पाच फूट दूर, काळी घोंगडी किंवा गडद रंगाची चादर टांगा. घोंगडी उत्तम, कारण ती चमकत नाही. ओटा भिंतीला लागून असेल, तर तिथे कापड लावू नका, ते पेटू शकतं. शेगडी भिंतीपासून दूर टेबलावर घ्या. गॅसची नळी ताणली जाणार नाही, कुणाच्या पायात येणार नाही हे बघा आणि पंखा बंद ठेवा. वाऱ्यानं ज्योत वाकडी होते आणि भाकर एका बाजूनं करपते.

काळ्या पार्श्वभूमीचा दुसरा फायदा वाफेला होतो. वाफेचे बारीक थेंब पांढऱ्या भिंतीसमोर दिसत नाहीत. काळ्यासमोर, बाजूनं उजेड पडला, तर दिसतात. हातावरचं पीठ आणि परातीतून उडणारी पिठाची धूळही तशीच.

उजेड खिडकीचा, बाजूनं येणारा. कळंबच्या उन्हाळ्यात खिडकीतून थेट ऊन आत पडलं, तर अर्धा हात झगझगीत आणि अर्धा काळा होतो. अशा वेळी खिडकीला पातळ पांढरं धोतर किंवा ओढणी लावा. ऊन आत न येणारी खिडकी असेल तर काहीच लावायची गरज नाही. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा कार्डबोर्ड उभा केला, तर हाताच्या सावलीच्या बाजूलाही थोडा उजेड परततो. तो शेगडीपासून लांब असू द्या.

आणि एक काम विसरायचं नाही: खोलीतला एलईडी बल्ब बंद. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरी करतो, त्यामुळे बरेच स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. पण फोन फोटो एकदम घेत नाही, वरून खाली ओळ-ओळ वाचत जातो. वेग जास्त असला, की काही ओळी बल्ब तेज असताना वाचल्या जातात आणि काही मंद असताना. फोटोवर आडवे काळपट पट्टे येतात. बल्ब लावणं भागच असेल, तर शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला बल्बच्या पूर्ण फेऱ्या मिळतात. पण मग हात थोडे हललेले येतील. म्हणून खिडकी बरी.

फोन कुठे ठेवायचा

भाकर वरून बघितली तर फुगलेली काय आणि न फुगलेली काय, दोन्ही गोलच दिसतात. फुगण्याची उंची बाजूनं दिसते. त्यामुळे फोन भाकरीच्या पातळीपेक्षा किंचित वर, म्हणजे बसलेल्या माणसाला ताट दिसतं त्याहूनही खाली असावा.

आता या फोटोचा मुख्य विचार. भाकर करणारी बाई एक भाकर आचेवर असताना पुढच्या भाकरीचं पीठ मळत असते. म्हणजे हात आणि फुगणारी भाकर हे एकाच जागचं, एकाच वेळचं दृश्य आहे. बॅनरसाठी दोन वेगळे फोटो वेगळ्या दिवशी काढून चिकटवले, तर एकात उजेड डावीकडून आणि दुसऱ्यात उजवीकडून येतो आणि बॅनर बनावट वाटतो. त्यापेक्षा टेबलावर डावीकडे परात, उजवीकडे शेगडी, एका ओळीत ठेवा. दोन्ही फोनपासून सारख्या अंतरावर असू द्या, म्हणजे दोन्ही स्पष्ट येतील.

फोन आडवा, साधारण एक मीटरवर, ट्रायपॉडवर. ट्रायपॉड नसेल तर उंच डब्यावर तांदळाची छोटी पिशवी ठेवून तिच्यात फोन रुतवा. झूम १x वरच ठेवा. स्वस्त फोनचं २x बहुतेक वेळा मधला भाग कापून मोठा केलेला असतो, त्यात तपशील कमी होतो. १x च्या लेन्सनं कडेला असलेल्या वस्तू ताणल्यासारख्या दिसतात, म्हणून परात आणि शेगडी अगदी काठावर ठेवू नका. आणि फोन भाकरीच्या जवळ नेऊ नका. जवळून हात राक्षसासारखे मोठे येतात, वर लेन्सवर वाफ धरते. दर दोन-तीन भाकरींनंतर लेन्स मऊ कापडानं पुसा.

बॅनर ६ बाय ३ म्हणजे दोनास एक. फोटो चारास तीन निघतो. त्यामुळे वरचा-खालचा भाग कापला जाणार हे धरून चाला. हात आणि भाकर खालच्या बाजूला येऊ द्या, वर घोंगडीचा काळा भाग राहू द्या. पिठाचं नाव तिथे बसेल आणि फ्लेक्सवाल्याला अक्षरांमागे रंगीत पट्टी टाकावी लागणार नाही.

सेटिंग: एकदा लावा, मग हात लावू नका

कॅमेऱ्यात Pro किंवा Manual मोड असेल तर तो उघडा. सुरुवात या आकड्यांपासून करा:

शटर १/२५०, ISO ४००, व्हाइट बॅलन्स ५००० ते ५५००, फोकस हाताळून परातीच्या काठावर.

हे आकडे का? १/२५० ला मळणारे हात बऱ्यापैकी थांबतात. खिडकीजवळच्या मध्यम उजेडात एवढ्या वेगाला ISO ४०० च्या आसपास लागतो. ज्योत फारच पुसट वाटली तर शटर १/१२५ करा आणि ISO तसाच ठेवून खिडकीवर एक पडदा वाढवा. म्हणजे ज्योतीला कॅमेऱ्यात दुप्पट वेळ मिळाला आणि बाकी खोली तेवढीच उजळ राहिली. हात या वेगाला थोडे हलतील, पण तळहाताचा मागचा भाग पीठ पुढे ढकलून क्षणभर थांबतो. त्या थांबण्याच्या क्षणी बटण दाबा.

व्हाइट बॅलन्स आकड्यावर बांधला, की ज्योत निळी राहते, हात हातासारखे राहतात आणि दहाही फोटोंत भाकरीचा रंग एकच येतो. खात्रीसाठी परातीजवळ एक साधा पांढरा कागद ठेवून पहिला फोटो काढा. कागद पिवळट दिसला तर आकडा कमी करा, निळसर दिसला तर वाढवा.

प्रो मोड नसेल तरी चालेल. परातीवर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये उजेड आणि फोकस दोन्ही बांधले जातात, आयफोनवर AE/AF LOCK असं दिसतं. मग सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा, ज्योतीचा रंग दिसेपर्यंत. यात शटरचा वेग तुमच्या हातात राहत नाही, म्हणून खिडकीचा उजेड जेवढा जास्त मिळेल तेवढा बरा.

प्रत्यक्ष फोटो

आठ-दहा भाकरींचं पीठ धरा. पहिल्या दोन फोटोसाठी नाहीतच, त्या तवा, आच आणि सेटिंग जुळवण्यासाठी. थापताना लावलेलं कोरडं पीठ भाकर आचेवर टाकण्याआधी झटकून घ्या, नाहीतर ते जळून काळे ठिपके पडतात आणि निळ्या ज्योतीत पिवळ्या ठिणग्या येतात.

तिसऱ्या भाकरीपासून काम सुरू. भाकर करणारीला थांबा-परत करा असं सांगू नका, तिच्या लयीत राहा. भाकर आचेवर गेली, की बटण दाबायला लागा आणि ती बसेपर्यंत थांबू नका. बऱ्याच फोनमध्ये प्रो मोडला बर्स्ट चालत नाही, तेव्हा एकेक फोटो भराभर घ्या. बटण दाबताना फोन हलतो, म्हणून वायरच्या इअरफोनचं आवाज वाढवायचं बटण वापरा, बहुतेक फोनमध्ये ते शटरचं काम करतं.

दुसरी वाट व्हिडिओची. ४के व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेमची रुंदी ३८४० पिक्सेल असते. १२ मेगापिक्सेल फोटोची ४०००. म्हणजे मापात जवळजवळ फरकच नाही. व्हिडिओत फाइल दाबून लहान केलेली असते, त्यामुळे पिठाचा बारीक पोत थोडा कमी येतो. पण फुगण्याचा अचूक क्षण हमखास सापडतो. व्हिडिओतही उजेड आणि व्हाइट बॅलन्स आधी बांधून ठेवा.

हाताचा सर्वात चांगला क्षण आणि भाकरीचा सर्वात चांगला क्षण एकाच फोटोत क्वचितच सापडतात. इथे न हललेला फोन कामाला येतो. डावा अर्धा एका फोटोतून आणि उजवा अर्धा दुसऱ्यातून घेतला, तरी सांधा दिसत नाही, कारण जागा, उजेड आणि मागची घोंगडी तीच आहे. सांधा मधल्या काळ्या भागातून जाऊ द्या.

फोटो निवडताना स्क्रीनवर पूर्ण मोठा करून चार गोष्टी बघा. बोटांची कड एकच आहे की दुहेरी? भाकरीच्या सर्वात उजळ जागी खरपूस ठिपके दिसतात की नुसता पांढरा पट्टा? ज्योत निळी आहे की राखाडी? आणि पिशवीतलं पीठ खिडकीच्या उजेडात फोनशेजारी धरलं, तर रंग जुळतो का? ही शेवटची तपासणी करताना फोनचा आय कम्फर्ट मोड बंद करा आणि डिस्प्लेचा रंग Natural वर ठेवा. Vivid मध्ये सगळंच भडक दिसतं.

फ्लेक्सवर जाताना फोटो बिघडतो तो इथे

आता गणित. ६ फूट म्हणजे ७२ इंच. ४००० पिक्सेल ७२ इंचांवर पसरले, की एका इंचात साधारण ५५ पिक्सेल येतात. म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. चांगल्या नजरेचा माणूस तीन मीटरवरून साधारण ०.९ मिलिमीटरपर्यंतचे ठिपके वेगळे ओळखतो. म्हणजे दुकानासमोर उभ्या माणसाला हा बॅनर स्वच्छ दिसेल, चिंतामणीच्या दर्शनाला निघालेल्या गाडीतल्या माणसाला तर नक्कीच. '३०० डीपीआय पाहिजे' असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. तो नियम हातात धरून वाचायच्या छपाईचा आहे.

पण हाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीनं पाठवला, की तो लहान होतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. १६०० भागिले ७२, म्हणजे इंचाला २२ पिक्सेल. एक ठिपका १.१ मिलिमीटरच्या वर गेला. आता तीन मीटरवरूनही बोटांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसू शकतात. एवढी सगळी मेहनत शेवटच्या एका मिनिटात वाया जाते. म्हणून फोटो Document म्हणून पाठवा किंवा केबलनं थेट कॉपी करून द्या. पाठवल्यावर फ्लेक्सवाल्याकडच्या फाइलचं माप विचारा. कापण्याआधीची रुंदी ४००० असली पाहिजे.

दुसरा बिघाड शाईचा. फोनची स्क्रीन उजेडानं रंग दाखवते, फ्लेक्स शाईनं. गॅसच्या ज्योतीचा चमकदार निळा शाईत जसाच्या तसा येत नाही, तो मंद आणि जांभळट होतो. गडद भागही स्क्रीनपेक्षा जास्त काळा छापला जातो. म्हणून पूर्ण बॅनरआधी एक फूट लांबीची पट्टी छापून मागा, ज्यात ज्योत, भाकरीचा काठ आणि बोटं तिन्ही येतील. ती पट्टी दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघा. हात फार काळे आले तर फोटो थोडा उजळ करा, ज्योत जांभळी आली तर निळ्याची झाक थोडी कमी करा. भाकरीचा रंग मात्र हलवू नका.

भाकरीचा रंग का हलवायचा नाही

ज्वारीची भाकर पांढरी शुभ्र नसते. तिच्यात किंचित करडी, मळकट झाक असते, आणि ती ज्वारीच्या वाणाप्रमाणे कमी-जास्त होते. एडिटिंगमध्ये ती गोरी करायचा मोह होतो. पण मग बॅनर एक दाखवतो आणि परातीत दुसरं निघतं. पहिल्यांदा पिशवी घेतलेली बाई त्या रंगाचा अर्थ 'भेसळ' किंवा 'जुनं पीठ' असा लावते आणि दुसऱ्यांदा येत नाही.

कायद्याच्या बाजूनंही चित्र हे बोलण्याइतकंच मोजलं जातं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात ही वस्तूबद्दल खोटं चित्र उभं करणारी जाहिरात अशी धरली आहे आणि त्यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे वेगळे नियम आहेत. इंटरनेटवरून उचललेला फोटो तर दुहेरी अडचणीचा: तो तुमच्या पिठाचा नाही आणि त्याचा हक्कही दुसऱ्याकडे आहे.

म्हणून फोटोतली भाकर त्याच पिशवीतल्या पिठाची असू द्या. ज्यांचे हात फोटोत येणार त्यांना बॅनर कुठे लागणार हे आधी सांगा, हो म्हणवून घ्या आणि त्या दिवसाची मजुरी द्या. हातात रोजच्या बांगड्या असतील तर त्या राहू द्या, नखं स्वच्छ असली म्हणजे झालं. आणि दहा भाकरींपैकी एकही फुगली नाही, तर ती समजूनच फोन खाली ठेवा. कॅमेऱ्यानं झाकायची गोष्ट नाही ती. गिरणीत जाऊन पीठ कधीचं दळलंय ते आधी विचारा, ताजं दळून आणा आणि पाणी पुन्हा तापत ठेवा.